कंठमणी आणि शेवटचा हात

पुरुषाच्या गळ्याच्या मधोमध, हनुवटीखाली काही बोटांवर, एक उंचवटा असतो. पुस्तकात त्याला कंठमणी म्हणतात, घरात घाटी म्हणतात आणि दाढी करताना त्याला जे म्हणतात ते छापता येत नाही. आतून तो कूर्चेचा असतो. स्वरयंत्राच्या पुढे कूर्चेच्या दोन फळ्या अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारख्या उभ्या असतात आणि त्या जिथे जुळतात ती पुस्तकाची पाठ म्हणजे कंठमणी. बायकांच्या गळ्यात हे पुस्तक सुमारे १२० अंशांत ऐसपैस उघडलेले असते. पुरुषांत ते ९० अंशांच्या आसपास मिटत आणलेले असते, म्हणून पाठ पुढे येते. मुलगा वयात येतो, आवाज फाटतो, तेव्हाच ही पाठ बाहेर डोकावू लागते आणि पुढेमागे तिच्यावरच केस उगवतात. एकाच जागी दोन खात्यांनी एकमेकांना न विचारता कामे काढावीत, तसा हा प्रकार आहे.

गालावर कातडीखाली थोडीफार चरबी असते, म्हणून गालाची दाढी सोपी जाते. कंठमण्यावर तशी गादी जवळजवळ नसतेच. वर पातळ, सैल, सहज सरकणारी कातडी आणि खाली लगेच कूर्चा. त्यात हा उंचवटा स्थिर नाही. माणूस आवंढा गिळतो तेव्हा स्वरयंत्र साधारण दोन सेंटिमीटर वर जाते आणि पुन्हा खाली येते. म्हणजे दाढी करणाऱ्याला डोंगर तासायचा असतो आणि तो डोंगर लिफ्टमध्ये उभा असतो. एरवी तासन्‌तास न आठवणारा आवंढा, पाते गळ्यापाशी आले की मात्र हमखास दाटून येतो. याचे शास्त्रीय कारण शोधण्याची गरज नाही. गळ्यावर धारदार वस्तू धरलेली असताना शांत राहील असा प्राणी निर्माण झालेला नाही.

विषय नीट समजण्यासाठी ठाण्यातील एका गृहस्थांचे उदाहरण सोयीचे आहे. वय ४८, बँकेत नोकरी, कातडी हळवी. हळवी म्हणजे नवीन शर्टाच्या कॉलरचे लेबल टोचले तरी दिवसभर लाल पट्टा वागवणारी. आईच्या आग्रहाखातर ते श्रावण पाळतात. पाळतात म्हणजे महिनाभर दाढी करत नाहीत, इतकेच. श्रावण अमावस्येला संपतो आणि चौथ्या दिवशी गणपती दारात येतात. घरी दीड दिवसाचा गणपती असतो आणि पूजेला गृहस्थच बसतात. सोवळे नेसून, खांद्यावर उपरणे घेऊन. म्हणजे वर्षातले इतर सर्व दिवस ज्या गळ्यावर कॉलर असते, तो गळा नेमका त्या दिवशी साठ नातेवाइकांसमोर उघडा असतो.

गेल्या वर्षी त्यांनी दाढीला चतुर्थीच्या पहाटे साडेपाचचा मुहूर्त धरला. गुरुजी सातला येणार होते. ब्लेड श्रावणाआधीचे होते आणि महिनाभर बेसिनच्या कडेला ओले पडून होते. नळाला सोसायटीच्या टँकरचे पाणी होते आणि ते थंड होते. गिझरला वेळ लागतो म्हणून त्यांनी तो लावला नाही. पुढे जे झाले त्याला गिझरच्या तिप्पट वेळ लागला. गाल कसेबसे उरकले. मग गृहस्थांनी छताकडे तोंड केले, गळा ताणला, कंठमण्यावर रेझर टेकवला आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, नारळ आणलेत ना?"

नारळ आणलेले नव्हते. गृहस्थांनी आवंढा गिळला.

कापल्यावर आधी त्यांनी कालच्या वर्तमानपत्राचा कपटा चिकटवला, तो भिजून गळून पडला. मग कापूस दाबला, तो सुकल्यावर ओढताना खपली निघाली. मग आई आली आणि "अरे, हळद लाव, हळद" म्हणत तिने मोदकाच्या सारणाच्या हाताने चिमूटभर हळद दाबली. रक्त थांबले, पण गळ्यावर रुपयाएवढा पिवळा ठिपका आणि मधोमध तांबडा बिंदू राहिला. गुरुजींनी चौरंग मांडताना तो पाहिला आणि म्हणाले, "यजमान, गंध कपाळाला लावायचं असतं." मावशींनी दारातूनच विचारले, "काय रे, हळद लागली? परत बोहल्यावर चढतोयस की काय?"

या एका सकाळीत या विषयातल्या बहुतेक सर्व चुका एकत्र आलेल्या आहेत. म्हणून ती अभ्यासाला घेण्यासारखी आहे.

पहिली चूक वाढलेल्या केसांची. दाढीचा केस दिवसाला साधारण ०.४ मिलिमीटर वाढतो, म्हणजे श्रावणाअखेर तो एक सेंटिमीटरच्या पुढे गेलेला असतो. रेझर हे खुंट कापण्याचे हत्यार आहे, गवत कापण्याचे नाही. लांब केस पात्यात अडकतात, पाते ते कापण्याऐवजी ओढते, ओढल्यावर सैल कातडीची चुणी वर येते आणि पाते ती चुणी कापते. म्हणून आधी कात्रीने किंवा ट्रिमरने केस मिलिमीटर-दोन मिलिमीटरवर आणावे लागतात. हे काम दाढीच्या दिवशीच करण्याचीही गरज नाही. या वर्षी गृहस्थांनी ते प्रतिपदेलाच उरकले, आणि त्यामुळे त्यांना एक अनपेक्षित लाभ झाला. खुंट हाताला लागू लागले आणि गळ्याचा नकाशा काढता आला.

नकाशा म्हणजे केसांचा रोख. सर्वसाधारण पुरुषाची समजूत अशी असते की दाढीचे केस पावसासारखे वरून खाली पडतात. गालावर ते खरेही आहे. पण गळ्यावर उतरल्यावर केसांना शिस्त राहत नाही. कुणाचे कंठमण्याखालचे केस खालून वर उगवतात, कुणाचे डावीकडून उजवीकडे आडवे निजलेले असतात, कुणाच्या जबड्याच्या कोपऱ्याखाली चक्क भोवरा असतो. डोक्यावर दोन भोवरे असले की दोन लग्ने होतात म्हणतात. गळ्यावर दोन असले की दोनदा कापते, एवढे निश्चित. रोख ओळखण्याची रीत सोपी आहे. एक-दोन दिवसांच्या खुंटांवरून कोरडे बोट चारही दिशांनी फिरवायचे. ज्या दिशेने बोट मांजराच्या पाठीवरून गेल्यासारखे गुळगुळीत जाते तो केसांचा रोख, म्हणजे सुलटा हात. ज्या दिशेने खरखरते तो उलटा.

गृहस्थांनी द्वितीयेला रात्री जेवणानंतर गॅलरीत बसून हा प्रयोग केला. पंधरा मिनिटे ते स्वतःचा गळा कुरवाळत होते. बारावीतला मुलगा दोनदा डोकावून गेला आणि शेवटी त्याने आईला सांगितले, "आई, बाबांना बरं नाहीये बहुतेक." निष्कर्ष मात्र धक्कादायक निघाला. त्यांच्या कंठमण्याच्या वरचे केस खाली वाहत होते, खालचे वर आणि उजव्या बाजूचे कानाकडे. म्हणजे ज्या हाताला ते २८ वर्षे सुलटा समजून वरून थेट गळपट्टीपर्यंत ओढत होते, तो अर्ध्या वाटेनंतर उलटा होता. एवढ्या वर्षांत ही गोष्ट लक्षात आली नाही याचे कारण असे की सकाळी साडेसातला कोणी स्वतःच्या गळ्याशी संवाद साधत नाही.

दुसरी चूक पाण्याची. कोरडा केस ताठ आणि चिवट असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजला की तो पाणी पितो, फुगतो आणि निम्म्या जोरात कापला जातो. म्हणून त्वचेचे डॉक्टर दाढी आंघोळीनंतर करायला सांगतात. इथे मराठी घरात पेच उभा राहतो. हजामत करून आंघोळ करायची असते, आंघोळ करून हजामत नाही. आणि पूजेच्या आधी तर नाहीच नाही. गृहस्थांनी आईपुढे विषय काढून पाहिला.

"आई, डॉक्टर म्हणतात, आंघोळ झाल्यावर दाढी करावी."

"मग त्यानंतर परत आंघोळ कर. पाणी काय डॉक्टर भरणार आहेत?"

टँकरच्या सोसायटीत दोन आंघोळी हा श्रीमंती थाट आहे. तोडगा साधा निघाला. पंचा गरम पाण्यात बुडवून, पिळून, गळ्याभोवती तीन मिनिटे गुंडाळून ठेवायचा, थंड वाटला की एकदा पुन्हा बुडवायचा. शास्त्रही सांभाळले जाते आणि शास्त्रही. या तीन मिनिटांत गृहस्थ सर्दी झालेल्या गवयासारखे दिसतात, ते सोसावे लागते.

टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचा आणखी एक जाच असतो. ते जड असते. त्यातले कॅल्शियमचे आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाला धरतात आणि फेसाऐवजी पांढरट चिकट साका तयार होतो. वरवर पाहता ब्रश फिरतो आहे, काहीतरी पांढरे दिसते आहे, म्हणून माणूस समाधानी असतो. पण त्या पांढऱ्यात निसरडेपणा नसतो आणि पाते कातडीवर अडखळते. ओळखण्याची खूण अशी की चांगला फेस गळ्यावर दोन-तीन मिनिटे ओला राहतो, खोटा फेस गाल संपेपर्यंत गळ्यावर वाळून पापुद्रा धरतो. उपाय म्हणजे फेसापुरते वाटीभर पिण्याचे गाळलेले पाणी घेणे. पाणी गाळणारे यंत्र नुसते जंतू मारणारे असेल तर उपयोग नाही, क्षार काढणारे हवे. गळ्याचा फेस गालांचे काम झाल्यावर नव्याने लावावा. बहुतेक माणसे तो सुरुवातीलाच लावतात आणि गळ्याची पाळी येते तेव्हा तिथे फक्त फेसाची आठवण उरलेली असते.

हत्याराचा प्रश्न मुलाने निर्माण केला. वाढदिवसाला त्याने पाच पात्यांचा रेझर दिला होता. पात्यांची ही चढाओढ जुनी आहे. १९७१ साली दोन पात्यांचा रेझर बाजारात आला, १९९८ साली तीन पात्यांचा आणि २००६ साली पाच. दोन पात्यांमागची युक्ती अशी की पहिले पाते केस कापताना किंचित वर ओढते आणि तो मागे सरकण्याआधी दुसरे त्याला आणखी खाली छाटते. केसाचे टोक मग कातडीच्या पातळीच्याही खाली जाते. गालावर याला गुळगुळीतपणा म्हणतात. गळ्यावर, जिथे केस तिरपे आणि थोडे वळणदार उगवतात, तिथे तेच छाटलेले टोकदार टोक वाढताना बाहेरची वाट चुकते आणि शेजारच्या कातडीत घुसते. तिसऱ्या दिवशी तिथे लाल पुटकुळी येते आणि आजी तिला केसतूड म्हणते. आजीचे निदान फारसे चुकलेले नसते. म्हणून हळव्या गळ्याला कमी पाती सोसतात.

गृहस्थांनी वडिलांचा जुना एका ब्लेडचा रेझर माळ्यावरून काढला. हा रेझर कातडीला कमी छळतो, पण चूक माफ करत नाही. पाते कातडीशी साधारण तीस अंशांच्या कोनात असावे लागते. कोनमापक घेऊन आरशासमोर उभे राहणाऱ्यांची सोय अशी की रेझरचे डोके गालावर सपाट टेकवून दांडी हळूहळू खाली आणायची; खुंट कापल्याचा बारीक खरखर आवाज जिथे सुरू होतो तिथे थांबायचे. तोच कोन. आणि जोर लावायचा नाही. रेझरचे स्वतःचे वजन पुरते. पुरुषाला ही गोष्ट पटायला सर्वांत जड जाते, कारण जोर न लावता काम होते यावर त्याचा कुठल्याच बाबतीत विश्वास नसतो. हात एका बोटाच्या पेराएवढा आखूड, दर दोन-तीन हातांनी रेझर पाण्यात खळबळणे, एवढेच. ब्लेडचे आयुष्य पाच ते सात दाढ्या. केस ओढल्यासारखा वाटला की त्याआधीही संपले. बँकेत चाळीस लाखांचे कर्ज मंजूर करणारा माणूस काही रुपयांचे ब्लेड दीड महिना पुरवतो, याला काटकसर म्हणणे काटकसरीवर अन्याय आहे.

आता खुद्द कंठमणी. गेल्या वर्षी गृहस्थांनी छताकडे पाहिले होते, आणि जवळजवळ प्रत्येक पुरुष तेच करतो. मान पूर्ण मागे टाकली की कातडी ताणली जाते हे खरे, पण ती कंठमण्यावरच ताणली जाते, बांबूवर तंबूचे कापड ताणावे तशी. उंचवटा आणखी पुढे येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खळगे पडतात. रेझरचे डोके सपाट, खाली उभी धार. दोघांची भेट एका टिंबावर होते. जो दाब एरवी बोटभर कातडीवर वाटला गेला असता, तो त्या एका टिंबावर पडतो. गृहस्थांचा तांबडा बिंदू तो हाच.

योग्य रीत त्यांना सलूनमध्ये कळली. आषाढात एकदा ते दाढीला बसले होते आणि पहिल्यांदाच डोळे मिटण्याऐवजी त्यांनी आरशात पाहिले. सलूनवाल्याने नवे ब्लेड समोर मोडून वस्तऱ्यात घातले, गाल उरकले आणि गळ्याशी आला.

"साहेब, आता बोलू नका."

"बरं."

"बोललात."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "गिळू पण नका." आणि मग वस्तरा नेमका कंठमण्यावर असताना, "काय साहेब, यंदा कोण येणार निवडून?" उत्तर देता येत नाही अशाच वेळी प्रश्न विचारायचे, हे त्या धंद्यातले रहस्य असावे, मतभेद होत नाहीत. पण गृहस्थांनी त्या क्षणी एक गोष्ट टिपली. सलूनवाला कंठमण्यावर दाढी करतच नव्हता. त्याने डाव्या अंगठ्याने कातडी बाजूला सरकवली होती. जी कातडी एरवी उंचवट्यावर असते, ती दोन बोटे बाजूला, सपाट मांसावर आणून तो तिथे ती तासत होता. अंगठा सोडला की तासलेली कातडी आपोआप डोंगरावर परत जाऊन बसत होती.

सर्व विद्या एवढीच आहे. कूर्चा हलवता येत नाही, कातडी हलवता येते. घरी करताना मान थोडीच वर करायची. वरच्या फडताळातला डबा पाहावा इतकी, पंखा पाहावा इतकी नाही. डाव्या हाताची दोन बोटे कंठमण्याच्या डावीकडे टेकवून कातडी आपल्याकडे ओढायची, उजव्या अंगाची कातडी उंचवट्यावरून ओलांडून डावीकडच्या सपाटीवर येते. तिथे केसांच्या रोखाने दोन-तीन आखूड हात. मग सोडायचे, आणि तेच उलट्या बाजूने. फेसामुळे बोटे निसटतात, त्यासाठी बोटांची टोके पुसून तुरटीच्या ओल्या खड्यावर घासली की पकड येते. आवंढा येणारच असेल तर रेझर उचलून तो निवांत गिळून घ्यावा. काहीजण गिळता गिळता अर्ध्यावर थांबून, कंठमणी वर चढलेला असतानाच दाढी करण्याचा सल्ला देतात. जमते, पण क्षणभरच, आणि तो क्षण संपला आहे हे गळ्याला पात्याच्या आधी कळत नाही.

तरीही अनुभवी माणसांचे गळे कापतात, आणि ते कापतात शेवटच्या हाताने. दाढी संपलेली असते, फेस गेलेला असतो, माणूस टॉवेल घ्यायला वळतो आणि सवयीने गळ्यावरून बोट फिरवतो. कंठमण्याखाली कुठेतरी चार खुंट लागतात. डोळ्यांना दिसत नाहीत, बायकोला दिसणार नाहीत, बँकेच्या ऑडिटरलाही दिसणार नाहीत. पण बोटाला लागले. मग तो रेझर परत उचलतो आणि फेस नसलेल्या, एकदा तासून झालेल्या, कोरड्या होत आलेल्या कातडीवर एक हात मारतो. खालून वर. उलटा. जोर लावून. हा हात दाढीचा नसतो, तो अहंकाराचा असतो. सलूनमध्ये हीच गोष्ट प्रश्नाच्या रूपात येते. "उलटा मारू का?" असे विचारल्यावर "नको" म्हणणारा पुरुष विरळा. हळव्या गळ्याच्या माणसाने गालावर हवा तितका उलटा मारून घ्यावा, जबड्याच्या रेषेखाली नाही. हवेच असेल तर पुन्हा फेस लावून आडवा एक हात, त्यापुढे थांबायचे. गळ्यावर थोडे खुंट राहणे हा दोष नाही, तो समझोता आहे.

दाढीनंतर थंड पाणी आणि तुरटी. तुरटीचा ओला खडा गळ्यावरून फिरवला की जिथे जिथे पाते जास्त फिरले तिथे तिथे ती चरचरते. अशा रीतीने ती रक्तही थांबवते आणि निकालही लावते. पहिल्या महिन्यात गृहस्थांचा सगळाच गळा नापास होत असे. अर्ध्या मिनिटाने ती धुऊन टाकावी, कारण ती कातडी कोरडी पाडते, आणि मग बिनवासाचे साधे मलम लावावे. मद्यार्काचे सुगंधी आफ्टरशेव्ह गळ्यावर लावून तोंडाने "स्स" करणे हा पौरुषाचा पुरावा समजला जातो. त्यातून होते एवढेच की हळवी कातडी आणखी भडकते आणि गालावर प्रसन्न वाटणारा वास गळ्यावर दिवसभर आग होऊन राहतो.

बिघाड तीन प्रकारचे असतात आणि ते वेळेवरून ओळखता येतात. पात्याबरोबर लगेच दिसतो तो काप किंवा टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. तिथे जोर किंवा कोन चुकला. स्वच्छ कापड पाच मिनिटे न उचलता दाबून धरले की तो थांबतो. "थांबलं का" म्हणून दर दहा सेकंदांनी उचलून पाहणाऱ्याचा थांबत नाही. अर्ध्या-एक तासाने जो लाल पट्टा उठतो आणि कॉलर लागली की जळजळतो, तो जास्त हातांचा किंवा खोट्या फेसाचा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठणाऱ्या पुटकुळ्या म्हणजे आत वळलेले केस. या वेळी माणूस टाचणी, चिमटा आणि भिंग घेऊन खिडकीत बसतो आणि एका पुटकुळीच्या तीन करतो. त्या उकरायच्या नसतात. गळ्यावर पाते फिरवणे काही आठवडे बंद ठेवले की बहुतेक केस आपणच बाहेर येतात. पू झाला, लाली पसरू लागली किंवा डाग राहू लागले तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. काही गळ्यांना कुठलीच रीत मानवत नाही. त्यांनी ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट ठेवून सुखाने राहावे. शर्टाच्या कॉलरवर पडलेला डाग थंड पाण्यात धुवावा. गरम पाण्यात रक्त गोठून धाग्यात पक्के बसते आणि मग तो शर्ट घरी घालायला होतो.

या वर्षी गृहस्थांनी दाढी तृतीयेलाच केली, म्हणजे कातडीला निवायला एक रात्र मिळाली. हरतालिकेच्या उपासामुळे घरात शांतता होती. नारळ आदल्या दिवशी आणून देव्हाऱ्याखाली ठेवलेले होते आणि तसे बायकोला दोनदा सांगून झाले होते. गरम पंचा, गाळलेले पाणी, नवे ब्लेड, कंठमण्याच्या दोन्ही बाजूंनी कातडी सरकवून सात आखूड हात. शेवटी बोटाला चार खुंट लागले. गृहस्थ रेझर हातात धरून आरशासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी ब्लेड काढून ठेवले.

चतुर्थीला ते सोवळे नेसून चौरंगासमोर बसले. गळ्यावर एकही ठिपका नव्हता, पट्टा नव्हता, हळद नव्हती. गुरुजींनी गळ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आरतीच्या वेळी मावशी शेजारी उभ्या होत्या. टाळ्या वाजवता वाजवता त्या वाकल्या आणि म्हणाल्या, "अरे, कानाखाली एवढी दाढी तशीच राहिलीये."

राहिली होती खरी, डाव्या कानाखाली, बोटभर. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गणपती पोचवून आल्यावर, नव्याने फेस लावून काढण्यात आली.